कंटिन्युइटी इक्वेशनमधून डिस्प्लेसमेंट करंट: जॅम-नेटवाल्यांसाठी

एमएस्सीला येणाऱ्या पोरापोरींना मी डिस्प्लेसमेंट करंटबद्दल विचारलं की बहुतेकजण कपॅसिटर काढतात, दोन प्लेटांमधली गॅप दाखवतात. ते बरोबरच आहे, पण मला आधी डिफरन्शियल फॉर्मवर हात बसवलेला जास्त आवडतो, कारण गडबड नेमकी कुठे होते ते तिथे उघडं दिसतं.

जुना अँपियर घ्या, ∇×B = μ₀J. दोन्ही बाजूंचा डायव्हर्जन्स घेतला की डावीकडे शून्य येतं, कारण कर्लचा डायव्हर्जन्स नेहमीच शून्य, म्हणजे ∇·J पण कायम शून्यच असायला हवा. पण चार्ज टिकून राहतो हे सांगणारं कंटिन्युइटी इक्वेशन म्हणतं ∇·J = −∂ρ/∂t, म्हणजे एखाद्या जागचा चार्ज कमी होत असेल तर तिथून करंट बाहेर जातोय. चार्ज साठत किंवा निघत असेल तिथे दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. स्टेडी करंटला ∂ρ/∂t शून्यच असतो म्हणून तिथे हा घोळ दिसत नाही.

आता गॉसचा नियम, ρ = ε₀∇·E, कंटिन्युइटीमध्ये टाका. ∇·(J + ε₀∂E/∂t) = 0 मिळतं. म्हणजे अँपियरमध्ये J च्या जागी हा पूर्ण कंस ठेवला की भांडण मिटलं, आणि त्यातली ε₀∂E/∂t ही जादाची टर्म म्हणजेच डिस्प्लेसमेंट करंट डेन्सिटी.

माझं आवडतं उदाहरण: हवेत एक चार्ज्ड गोळा, हवा किंचित कंडक्टिंग, चार्ज सगळ्या दिशांना सारखा गळतोय, समजा एकूण 1 मायक्रोअँपियर. केंद्रापासून 10 सेंमीवर J = I/4πr², म्हणजे साधारण 8 मायक्रोअँपियर प्रति चौरस मीटर, बाहेरच्या दिशेने. पण सिमेट्री बघता B असूच शकत नाही, आडवा असेल तर कुठल्या दिशेला असेल? आणि रेडियल असेल तर ∇·B = 0 मोडतं. म्हणजे B शून्य, J शून्य नाही, जुना अँपियर इथे सरळ खोटा ठरतो! आता E = Q/4πε₀r² आणि dQ/dt = −I, म्हणून ε₀∂E/∂t = −I/4πr², बरोब्बर J इतकाच आणि उलटा. बेरीज शून्य, कर्ल शून्य.

हे सोडवताना तुमची बेरीज 2J आली तर dQ/dt चं चिन्ह तपासा, I बाहेर जातोय म्हणजे Q घटतोय.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा, इंटरव्ह्यूला विचारतात. डायव्हर्जन्सवरून ही टर्म एकमेव ठरत नाही, डायव्हर्जन्स शून्य असलेलं आणखी काहीही त्यात मिळवलं तरी कंटिन्युइटी चालते. मॅक्सवेलने 1861-62 मध्ये ही टर्म आणली तीही माध्यमाच्या यांत्रिक मॉडेलमधून, वरच्या रस्त्याने नाही. ह्याच टर्ममुळे रिकाम्या जागेत लहरी निघतात आणि हर्ट्झने 1887-88 च्या प्रयोगांत त्या पकडल्या, तेव्हा प्रयोगाचा भक्कम आधार मिळाला.