कादंबरीतल्या गावाचं नाव कसं तयार करावं

ग्रामीण कादंबरीत गावाचं नाव बहुतेक वेळा पहिल्या पानावर हाताला येईल ते लिहिलं जातं. मग सोनगाव, सुंदरवाडी, रामपूर अशी नावं येतात. अशी गावं महाराष्ट्रात आहेतही, पण या नावांवरून गाव घाटावर आहे की कोकणात, काळ्या मातीचं आहे की मुरमाड माळाचं, याचा काहीच पत्ता लागत नाही. त्या भागातला वाचक मात्र नाव ऐकताच ओळखतो की हे आपल्याकडचं नाही. म्हणून नाव सुचण्याची वाट पाहण्यापेक्षा ते त्या तालुक्याच्या मातीतून काढावं. इथे एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो: सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात घडणारी, मेंढरं, कोरडवाहू शेती आणि दुष्काळ असलेली कादंबरी.

पहिली पायरी: तालुक्याची यादी वाचा

आधी जिल्हा आणि तालुका पक्का करा. मग त्या तालुक्यातल्या सगळ्या गावांची यादी मिळवा. जिल्हा जनगणना पुस्तिकेत ती असते. महाभूलेखच्या सातबाराच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि तालुका निवडला की गावांची नावं समोर येतात. ही यादी मोठ्याने वाचा. मनात वाचून उपयोग नाही, कानाला लय कळली पाहिजे.

माणमधली काही नावं पाहा: दहिवडी, मलवडी, बिजवडी, शेनवडी, लोधवडे. मग हिंगणी, ढाकणी, जांभुळणी. मग म्हसवड, किरकसाल, इंजबाव, संभूखेड, वावरहिरे. ‘वडी’ आणि ‘वडे’ पुन्हा पुन्हा येतात, ‘णी’ येते, आणि अधूनमधून इंजबावसारखं एखादं नाव येतं ज्याचा अर्थ चटकन लागत नाही. आपण शहरात बसून ग्रामीण नाव बनवताना पहिल्यांदा ‘गाव’ जोडतो, आणि वरच्या नावांत एकही ‘गाव’ नाही.

दुसऱ्या भागात शेपूट वेगळं मिळेल. कणकवली, डोंबिवलीतलं ‘वली’ कोकणपट्टीचं. अमळनेर, जामनेर, पिंपळनेर हे ‘नेर’ खानदेशाचं. ते नगर, संगमनेरकडेही भेटतं. गडहिंग्लज तालुक्यात इंचनाळ, हेब्बाळ अशी कानडी वळणाची नावं आहेत. पालघरला पाडा, गोंदियाकडे टोला. दोन भागांची वळणं एका नावात मिसळली की नाव बनावट वाटतं. माणमध्ये ‘शिरवली’ म्हणालात तर वाचकाला तिथे समुद्राचा वास येईल.

दुसरी पायरी: पहिला अर्धा भाग जमिनीतून घ्या

मराठी गावांच्या नावांत झाडं फार. वड, पिंपळ, चिंच, बोर, बाभूळ, उंबर, हिवर, करंज, जांभूळ, पळस. पण झाड त्या जमिनीवर खरंच उगवणारं हवं. माणच्या माळावर फणस किंवा सुपारी नावात आली तर पुढची तीनशे पानं वाचक ती विसरत नाही. तिथे हिवर, बाभूळ, तरवड, शेर, निवडुंग ही मंडळी चालतात.

मला पहिल्यांदा तरवड आवडला. पिवळ्या फुलांचं झुडूप, मुरमाड जमिनीत आपोआप येतं, आणि शेवटी नुसती ‘ई’ लावली की ‘तरवडी’ तयार. नाव इतकं सहज जमलं की तिथेच शंका यायला हवी. तरवडी नेवासे तालुक्यात खरंच आहे, आणि मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ वृत्तपत्र चालवत ते हेच गाव. सत्यशोधक चळवळीचा थोडाही परिचय असलेला वाचक या नावापाशी थबकेल आणि तुमच्या कथेत नसलेला संदर्भ शोधत बसेल. सराटीचंही तसंच. सराटा ही माळावरचीच, जमिनीलगत पसरणारी काटेरी वनस्पती आणि नाव बोलायला झणझणीत, पण २०२३ पासून ते ऐकलं की मराठा आरक्षणाचं आंदोलन आठवतं.

हिवराचं ‘हिवरे’ तर गावोगावी आहे. तेव्हा शेर घेऊ. चिकाचं, पानं नसल्यासारखं दिसणारं हे झाड शेताच्या कुंपणाला लावतात. लोधवडेच्या वळणावर ‘शेरवडे’.

तिसरी पायरी: यादीत पुन्हा शोधा, आणि कुठे सापडलं ते पाहा

आता हे नाव आधी माणच्या, मग शेजारच्या खटाव, फलटण, माळशिरस, आटपाडी तालुक्यांच्या यादीत पाहा, आणि शेवटी राज्यभर. स्वतःच्या किंवा शेजारच्या तालुक्यात सापडलं तर सोडून द्या. तुमच्या कादंबरीतला सरपंच पैसे खाणारा असेल तर त्या गावचा खरा सरपंच, खरं तर आजवरचे सगळेच सरपंच, ते स्वतःवर घेतील.

दूरच्या जिल्ह्यात सापडलं तर नाव किती विरळ आहे हे ठरवतं. राज्यात एकच गाव त्या नावाचं असेल तर बदला. पिंपळगाव, वडगाव, टाकळी अशी नावं मात्र इतकी आहेत की कुणा एका गावावर बोट ठेवता येत नाही. म्हणूनच नेहमीचं नाव घेऊन त्याला बनवलेलं शेपूट लावणं हा सगळ्यांत सुरक्षित मार्ग आहे. खऱ्या गावांचंही असंच झालं आहे: तळेगाव दाभाडे, तळेगाव ढमढेरे, तळेगाव दिघे, पिंपळगाव बसवंत, देऊळगाव राजा.

पण शेपूट लावलं की त्याची जबाबदारी घ्यावी लागते. घराण्याचं नाव लावलंत तर त्या भावकीचा वाडा, पाटीलकी किंवा निदान पडका बुरूज कथेत कुठेतरी असायला हवा. ‘बुद्रुक’ लावलंत तर ओढ्यापलीकडे ‘खुर्द’ आलंच, माणमध्ये गोंदवले बुद्रुक आणि गोंदवले खुर्द आहेत तसं. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. पण रस्ता आणि बाजार खुर्दकडून गेला की धाकटं गाव मोठं होतं आणि थोरल्याचा तिळपापड होतो. ही आयती भांडणं हवी असतील तरच बुद्रुक घ्या. नुसतं भारदस्त वाटतं म्हणून लावलं तर ते कागदी दिसतं.

चौथी पायरी: नाव विभक्तीत चालवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग पन्नासाव्या पानावर अडतात. गावाचं नाव कादंबरीत प्रथमेत फार कमी वेळा येतं. ते येतं ‘ला’, ‘त’, ‘चा’, ‘हून’ लागून.

शेरवडे: शेरवड्याला, शेरवड्यात, शेरवड्याचा, शेरवड्याहून. ‘ड्या’ जरा जड आहे पण माणदेशी तोंडाला सवयीचा. आडनाव शेरवडेकर. आता ‘शेरसाल’ घेतलं असतं तर ‘शेरसालला गेला’ म्हणताना दोन ‘ल’ एकमेकांवर आपटले असते. शेवटी ‘च’ असलेल्या नावाचं ‘चा’ लागताना असंच होतं. प्रत्येक रूप वापरून चार-पाच वाक्यं लिहा आणि मोठ्याने वाचा. एखादं रूप लिहिताना पेन थांबलं, ‘त’ लावावा की ‘मध्ये’ असा प्रश्न पडला, तर नाव बदला.

एकारान्त नावाचा आणखी एक फायदा आहे. पाटीवर गोंदवले असतं, बोलण्यात गोंदवलं. तसंच एसटीच्या पाटीवर शेरवडे, म्हातारीच्या तोंडी शेरवडं. निवेदकाचं गाव आणि पात्रांचं गाव एवढ्या एका स्वराने वेगळं होतं, आणि संवादात बोली वेगळी दाखवण्याचे कष्ट निम्मे होतात. दहिवडीचंही बोलण्यात ‘दैवडी’ होतं. नाव ईकारान्त असलं तरी अशी झीज शोधा.

पाचवी पायरी: नावाची कथा गावकऱ्यांना सांगू द्या

प्रत्येक गावाला आपल्या नावाची एक कथा असते, आणि ती बहुधा खरी नसते. राम वनवासात इथे थांबला, पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं, वगैरे. तुमच्याही गावाला हवी. शक्यतो दोन, एकमेकांशी न जुळणाऱ्या.

शेरवड्यात तरुण मंडळ म्हणेल की इथे पूर्वी वाघ होते, शेर म्हणजे वाघ. ते वेशीच्या कमानीवर सिमेंटचा वाघ बसवतील आणि मिरवणुकीत त्याला फेटा बांधतील. म्हातारा मेंढपाळ म्हणेल, कसला वाघ, शेराचं कुंपण हाय हे, चीक डोळ्यात गेला की कळंल. शेजारच्या गावची पोरं यात्रेत चिडवताना तिसरंच काहीतरी काढतील. यातलं खरं काय हे लेखकाने सांगू नये. निवेदक मध्ये येऊन व्युत्पत्ती समजावू लागला की गाव संपून टिपण सुरू होतं.

सहावी पायरी: पत्ता लिहून पाहा

लग्नपत्रिकेवर छापतात तसा पत्ता लिहा: मु. पो. शेरवडे, ता. माण, जि. सातारा. ‘मु. पो.’ लिहिलंत म्हणजे गावात टपाल कार्यालय आहे. गाव तीस उंबऱ्यांचं असेल तर ‘मु. शेरवडे, पो.’ असं लिहून पुढे शेजारच्या मोठ्या गावाचं नाव यायला हवं. ते शेजारचं गावही बनवावं लागेल, कारण तिथला पोस्टमन, बँक आणि दवाखाना कथेत येणारच. माझ्या मते बाजाराचं गाव आणि तालुका खरा ठेवावा, त्याखालची तीन-चार गावं बनवलेली असावीत. दहिवडीपासून किती किलोमीटर आणि कोणत्या फाट्याला वळायचं हे मात्र नेमकं सांगू नका. सांगितलंत तर कुणीतरी नकाशा काढून खऱ्या गावाला जाऊन पोचतं.

पत्त्यात काळही तपासला जातो. कादंबरी १९५५ मध्ये घडत असेल तर जिल्हा ‘उत्तर सातारा’ असेल, कारण १९४९ ते १९६० या काळात साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे होते. दक्षिण सातारा म्हणजे आजचा सांगली. त्याही आधीची कथा असेल तर शेजारचं आटपाडी औंध संस्थानात, ते १९४८ मध्ये विलीन झालं. मराठवाड्यातली कथा असेल तर लातूर जिल्हा १९८२ पूर्वी नव्हता. गावातल्या वस्त्यांचंही तेच. जातीवाचक वस्तीनावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, त्यामुळे आजच्या कथेत ग्रामपंचायतीच्या फलकावर एक नाव आणि काही म्हाताऱ्यांच्या तोंडी दुसरं, असं होऊ शकतं. ते दुसरं नाव कोण कुणासमोर उच्चारतो हे ठरवून मगच लिहा.

एवढं झालं की एका कागदावर सगळी रूपं उतरवून हस्तलिखिताला जोडा: पाटीवरचं, निवेदनातलं, बोलीतलं, आणि शेरवड्याला की शेरवडेला हा निर्णय. मुद्रितशोधक ‘शेरवडं’ दिसलं की सगळीकडे ‘शेरवडे’ करून टाकतो, आणि तो कागद नसेल तर त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.