इंग्रजी तोंडाला मराठी शिकवताय? त, प, भ आणि ळ च्या या चुका टाळा

माझी वहिनी ओहायोची, इंग्रजी सोडून दुसरी भाषा तिच्या कानावरून कधी गेलेली नाही. मागच्या हिवाळ्यात दोन महिने जळगावला आमच्याकडे होती आणि पहिल्याच आठवड्यात आईने तिला हौसेने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तूप आणायला पाठवलं. आली ती टूथपेस्टची ट्यूब घेऊन. दुकानदाराला काय बोलणार, ती "टूप" म्हणाली होती, तेही भसकन हवा सोडून.

आमची पहिली चूक अशी की आम्ही धरूनच चाललो होतो, हिला ख, ठ, फ जड जाणार. आई रोज समोर बसवून "जोर लाव, ख्ख म्हण" करायची आणि ती बिचारी "ख-हाली" म्हणायची. खरं तर गडबड साध्या क, ट, प मध्ये असते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला हे आवाज आले की हवा आपोआप सुटते आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो, कारण त्यांच्याकडे हवेमुळे शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपल्याकडे बदलतो. ती "काल" म्हणायची आणि आम्हाला "खाल" ऐकू यायचं, "पळ" म्हणायची तर "फळ", आणि पाण्याचं तर रोज फाणी व्हायचं. म्हणजे ख, ठ तिच्या तोंडात आधीच होते, शिकवायचं होतं ते हवा थांबवायला.

त्यासाठी टिश्यू पेपरची दोन बोटं रुंद पट्टी घ्यायची, ओठांपुढे चार बोटांवर लोंबती धरायची आणि आधी आपण स्वतः "पळ" म्हणून दाखवायचं, पट्टी जेमतेम हलते. मग तिला म्हणायला सांगा, पट्टी सरळ उडते. डोळ्याने दिसलं की अर्धं काम होतं. हवा थांबवायची युक्ती मात्र तिच्याच भाषेत आहे: स्पून, स्काय, स्टॉप हे शब्द इंग्रजी माणूस बोलतो तेव्हा स च्या मागून येणाऱ्या प, क, ट ला हवा लागत नाही. म्हणून "स्स्स" लांबवायचा आणि त्याला जोडून "पाणी" म्हणायचं, "स्स्पाणी", मग स हळूहळू बारीक करत नेऊन शेवटी नुसता मनात म्हणायचा. वहिनीला चार-पाच दिवस लागले, आणि घाईत बोलली की अजूनही फाणी होतंच.

आता तूपाकडे येऊ, कारण हवा थांबली तरी ते "टूप"च राहिलं होतं. इंग्रजी टी आणि डी बोलताना जीभ वरच्या दातांमागे जो उंचवटा असतो ना हिरडीचा, तिथे टेकते. आपला त दाताला टेकून होतो आणि ट त्या उंचवट्याच्या मागे, जिभेचं टोक जरा वर वळवून. त्यांचा आवाज या दोघांच्या मधला, पण आपल्या कानाला तो ट वाटतो, म्हणून तर टेबल आणि डॉक्टर आपण ट-ड नेच लिहितो. त्यामुळे ट-ड च्या मागे आधी लागू नका, त्यांचा तसाच चालून जातो, पहिले त-द सुधरवा. "जीभ दाताला लाव" एवढं सांगून भागत नाही, इंग्रजीतला "थिंक" म्हणायला लावा, त्यात जीभ बरोबर दातांवर जाते. फरक एवढाच की थिंक मध्ये हवा फटीतून घासत जाते आणि आपल्याला ती पूर्ण अडवून मग सोडायचीय. आरसा समोर ठेवा, सुरुवातीला टोक दातांमधून किंचित बाहेर दिसलं तरी चालेल. थाळी, थंडी मधला थ ही असाच अडवून, फक्त हवेसकट, नाहीतर तो कायम "थिंक"वालाच राहतो.

रोमन अक्षरं इथे फार घोळ घालतात. ठाणे Thane लिहितात आणि थाळनेर Thalner, ती दोन्ही थिंकसारखंच वाचायची. दोंडाईचा Dondaicha लिहिलं की त्यातला द कुठला आणि ड कुठला हे कळायला काही मार्गच नाही. शेवटी मी तिची रोमनमधली वही काढूनच घेतली आणि तिला फक्त ही बाराएक अक्षरं देवनागरीत शिकवली.

सगळ्यात अवघड भ, ध, घ, ढ, झ. हे इंग्रजीत नाहीतच. वांग्याचं भरीत पहिल्यांदा "बरीत" झालं, हवा टाक म्हटलं तर "फरीत", आणि मग "ब-हरीत". गोष्ट अशी की प-फ मध्ये घसा क्षणभर गप्प असतो, भ मध्ये मात्र घसा चालू ठेवून त्याच आवाजात श्वास मिसळायचा असतो, म्हणून इथे पट्टीपेक्षा गळ्यावर हात ठेवलेला बरा, थरथर तुटली की समजायचं चुकलं. आम्हाला लागू पडलं ते "क्लब हाऊस". पटपट म्हणत राहायचं, क्लबहाऊस क्लबहाऊस, मग पुढचा "क्ल" आणि मागचा "स" काढून टाकायचा, उरतो तो भाऊ. खान्देशात तेवढ्यावर निम्मी कामं होतात म्हणा. "डॉग हाऊस" मधून घ असाच निघतो. शब्दाच्या शेवटी मात्र जास्त ताणू नका, आपणही रोजच्या बोलण्यात दूधाचं "दूद"च करतो.

सुधारणा होतेय का हे शिकवणाऱ्याने ठरवू नये, आपला कान तिच्या बोलण्याला सरावलेला असतो आणि चुकलेलंही बरोबर ऐकू येतं. मी दहा चिठ्ठ्या केल्या, पाचांवर "बात", पाचांवर "भात", ती एकेक उचलून वाचायची आणि शेजारच्या काकू पाठमोऱ्या बसून जे ऐकू येईल ते लिहायच्या. पहिल्या दिवशी दहातले पाच बरोबर, म्हणजे नुसता तुक्का. दहाव्या दिवशी आठ.

राहिले ळ आणि ण. जीभ ट च्या जागी वळवायची, आवाज ल सारखाच जिभेच्या बाजूंनी जाऊ द्यायचा आणि सोडताना टोक पुढे आपटू द्यायचं, की ळ होतो. ण ला जागा तीच, फक्त आवाज नाकातून. दोन्ही शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, म्हणून आधी स्वर लावून "आळा", "आणा" असा सराव करा. इथे चूक झाली तर मूळ चं मूल होतं आणि मण चं मन. धुळे या एका शब्दात तिच्या तीन अडचणी एकत्र आल्या होत्या, द दाताचा हवा, त्यात घशाचा श्वास हवा, वर ळ. पहिलं "डुले" होतं, मग जीभ दातावर गेली आणि "दुले" झालं, मग श्वास आला तेव्हा "धुले", आणि ळ सगळ्यात शेवटी.

महिन्याभराने आम्ही धुळ्याला गेलो तेव्हा तिकीट तिनेच मागितलं, कंडक्टरने मान वरही न करता दिलं. परतीच्या गाडीत शेजारच्या आजीबाईंनी अहिराणीत विचारलं, "जयगावले जाई राहिनी का व माय?" अहिराणीत ळ चा य होतो, डोळ्याला डोया म्हणतात, आणि पाण्याचं पानी, हे मी तिला सांगायचंच विसरले होते. तिने हळूच मला विचारलं, हे जयगाव आपल्या जळगावच्या आधी लागतं की नंतर?