दूरची नेमणूक आणि टाळला जाणारा व्हिडिओ कॉल : नव्या ओळखीची पडताळणी कशी करावी

समजा, साताऱ्यातील चाळिशीच्या एका शिक्षिकेला विवाहाच्या संकेतस्थळावर एक स्थळ येते. गृहस्थ लष्करात डॉक्टर असून सध्या शांतिसेनेबरोबर दक्षिण सुदानमध्ये असल्याचे सांगतात. भारतीय तुकड्या तेथे खरोखरच असल्यामुळे बनाव पटतो. दोन दिवसांत बोलणे व्हॉट्सॲपवर जाते, दिवसभर संदेश आणि छायाचित्रे येतात. मात्र व्हिडिओ कॉलचा विषय निघाला की कधी सुरक्षेचे, तर कधी नेटचे कारण पुढे येते.

प्रथम आठवडाभर संदेशांच्या वेळा आणि दिलेली कारणे वहीत लिहून ठेवावीत. जेथे खरोखरच नेट नसते, तेथील माणूस संदेशालाही कित्येक दिवस उत्तर देत नाही आणि उंचावरच्या ठाण्यावरून खाली आल्यावर आपणहून फोन करतो, हे सातारा जिल्ह्यातील अपशिंग्याचे कोणतेही फौजी घर सांगेल. दिवसभर छायाचित्रे पाठवणाऱ्याला महिनाभरात एक मिनिटाचा तुटक कॉलही जमत नसेल, तर अडचण नेटची नाही. एक-दोन नकारांवरून मात्र निष्कर्ष काढू नये.

मग त्यांच्याच सोयीच्या वेळी एक मिनिटाचा कॉल मागावा. कॉल झालाच, तर चेहरा बाजूला वळवायला आणि चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगावे, कारण आधी चित्रित करून ठेवलेले दृश्य अशा सूचना पाळू शकत नाही. संगणकाने चढवलेला बनावट चेहराही अशा वेळी अनेकदा बिघडतो. पण न बिघडल्यास तो खऱ्या ओळखीचा पुरावा ठरत नाही. छायाचित्र गूगल लेन्सवर शोधावे. ते दुसऱ्याच्या नावाने सापडले, तर प्रश्नच मिटला. न सापडणे मात्र निर्दोषत्व नव्हे.

पैशाची मागणी येते तेव्हा बनाव उघड होतो. आपल्या उदाहरणात ‘भेटीचे पार्सल सीमाशुल्कासाठी विमानतळावर अडकले आहे’ असा फोन येतो आणि ३८,५०० रुपये एका व्यक्तीच्या खात्यात मागितले जातात. ते भरताच ‘प्रमाणपत्रासाठी’ १,२०,००० रुपये लागतात. सीमाशुल्क कोणाच्याही खासगी खात्यात भरले जात नाही. सीमाशुल्क विभागाच्या पत्रावर त्या पत्राचा ओळख क्रमांक म्हणजे डीआयएन असतो आणि तो cbic.gov.in वर तपासता येतो. काहीजण पार्सलऐवजी रजेचे शुल्क मागतात. परंतु सैन्यात किंवा शांतिसेनेत रजा मिळवण्यासाठी वाग्दत्त वधूने पैसे भरण्याची पद्धत नाही.

पैसे गेलेच असतील, तर लाजेपोटी दिवस दवडू नये. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक द्यावा, बँकेला कळवावे आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी कळवले, तरच ती गोठवता येण्याची आशा असते. रागाच्या भरात संभाषण पुसू नये, तोच पुरावा असतो. पुढे काही आठवड्यांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असे सांगणारा वकील किंवा अधिकारी फोन करू शकतो; तोही बहुधा त्याच टोळीतला असतो.