पोराच्या अंडात अचानक कळ आली तर: पहिल्या सहा तासांत काय करायचं

केज तालुक्यातल्या एका वस्तीवरचा 14 वर्षांचा पोरगा डोळ्यासमोर आणा. आई-बाप ऊसतोडीला गेलेत, घरी आजी आहे. पहाटे 4 वाजता तो कळवळून उठतो, एक उलटी होते, आणि म्हणतो, "आज्जे, पोट दुखायलंय." आजी ओवा चारते, पोट शेकते. दुखतंय खरं तर उजव्या गोटीत, पण ते आजीला सांगायचं कसं? साडेपाचला शेजारचा चुलता येतो आणि सरळ विचारतो, "खाली अंडात दुखायलंय का रे?" पोरगा मान हलवतो.

पहिली पायरी ही अशी. ओटीपोटात कळ आणि उलटी असलेल्या मुलाला घरातल्या एखाद्या पुरुषाने बाजूला घेऊन हे विचारायचंच, आणि नजरेनेही बघायचं. दुखरी गोटी दुसरीपेक्षा वर चढलेली किंवा आडवी झालेली दिसते, पिशवी सुजू लागते, हात लावू देत नाही.

आत काय झालेलं असतं? गोटी एका देठाला लोंबत असते आणि तिचं रक्त त्याच देठातून येतं. काही मुलांमध्ये ती जन्मापासूनच नीट बांधलेली नसते, घंटेतल्या लोलकासारखी मोकळी हलते. मग झोपेत, खेळताना, कधी काहीच कारण नसताना ती स्वतःभोवती फिरते, देठाला पीळ बसतो आणि रक्त अडतं. साधारण 6 तासांच्या आत पीळ सोडवला तर गोटी बहुतेक वेळा वाचते. 12 तासांपर्यंत ही आशा निम्म्यावर येते. 24 तासांनंतर ती क्वचितच वाचते, बहुधा काढूनच टाकावी लागते. नवजात बाळांत आणि 12 ते 18 या वयात हे जास्त होतं, पण मोठ्या पुरुषालाही होऊ शकतं.

म्हणून दुसरी पायरी म्हणजे कळ कधी सुरू झाली ती वेळ पक्की करणं. आपल्या पोराचे 4 वाजले होते, म्हणजे दीड तास गेलाय आणि साडेचार उरलेत. आता शेक, तेल, लंगोट यांत वेळ घालवू नका. अन्न, चहा, दूध देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. गावातल्या डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं तर चालेल, पण त्याने बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. पीळ तसाच असतो. स्वतः गोटी फिरवून बघू नका. पीळ दर वेळी एकाच बाजूला बसलेला नसतो.

तिसरी पायरी: 108 ला फोन करा, किंवा जी गाडी आधी मिळेल ती घ्या. जिथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर आत्ता चालू आहे तिथेच जा, आणि निघतानाच फोनवर तसं विचारून घ्या. केजच्या माणसाला अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. इतरांना संभाजीनगरची घाटी, लातूर किंवा नांदेड जवळ पडेल. वाटेत तीन दवाखाने केले की तेवढ्यातच वेळ संपतो, आणि हे मी फार कळकळीने सांगतोय.

तिथे पोचल्यावर लाजून "पोटात दुखतंय" म्हणू नका. "पहाटे 4 पासून उजव्या अंडात अचानक कळ, एक उलटी, पीळ तर नाही ना?" एवढं वाक्य पुरे. डॉक्टर मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच घासून बघतात. एरवी त्याने गोटी वर खेचली जाते, पीळ असेल तर सहसा हलत नाही. गोटीतलं रक्त वाहतंय का हे दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी लगेच होत असेल तर ठीक. पण लक्षणं स्पष्ट असताना सोनोग्राफीवाला 10 वाजता येणार म्हणून थांबणं चूक आहे; अशा वेळी सर्जन थेट पिशवी उघडून बघतो. आई-बाप कारखान्यावर असतील तर त्यांचा फोन डॉक्टरांच्या हातात द्या, म्हणजे संमतीवर घोडं अडणार नाही. आपला पोरगा 7 ला पोचला आणि 8 ला टेबलावर गेला, म्हणजे चार तासांत.

ऑपरेशनमध्ये पीळ सोडवून गोटी टाक्यांनी जागेवर बांधतात, आणि दुसरीही बांधतात. ढिलाई बहुधा दोन्हीकडे असते, म्हणून त्याला नकार देऊ नका.

सगळंच दुखणं पिळाचं नसतं. जंतुसंसर्गात दुखणं दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढतं, ताप येतो, लघवीला जळजळतं. गालफुगीनंतरही आठवडाभरात अंड सुजू शकतं. अंडवृद्धीत पाणी साचतं, पण सहसा दुखत नाही. अंतर्गळ अडकून दुखू लागला आणि आत जाईना, तर तीही त्याच दिवसाची घाई. न दुखणारी कडक गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा. पण अचानक आलेली कळ घरी ओळखत बसायची नाही. ती पीळच समजून निघायचं.

कधी कधी तासाभरात कळ आपोआप थांबते. पीळ सुटलेला असू शकतो, पण तो पुन्हा बसू शकतो. म्हणून त्याच दिवशी सर्जनकडे न्या.