ऑनलाइन लिस्टिंग लाइव्ह करण्याआधी कुर्ती टेबलावर पसरा

लिस्टिंग मोबाइलवर उघडा आणि तीच कुर्ती टेपसह समोर ठेवा. समजा, एम साइजची कुर्ती बगलेपासून बगलेपर्यंत 20 इंच भरली, म्हणजे छाती 40. साइज चार्टमध्ये मात्र एमपुढे 38 आहे, कारण ते अंगाचं माप आहे. अशा वेळी लिस्टिंगच्या बुलेट पॉइंटमध्ये ‘चार्टमधली मापं कपड्याची’ असं लिहिलेलं असेल, तर 38 छातीची बाई घट्ट होईल म्हणून एल मागवणार आणि ढगळ म्हणून परत पाठवणार. ही ओळ बहुतेकदा जुन्या लिस्टिंगमधून कॉपी-पेस्ट होऊन येते. मग फोटो बघा: मॉडेलच्या खांद्यावर ओढणी आहे आणि टायटलमध्ये नुसती ‘कुर्ती’? फोटोच बदला, ‘ओढणी मिळणार नाही’ हे बुलेटमध्ये कुणी वाचत नाही.