सर्दीत बेचव जेवण, गोळ्यांनी धातूसारखं तोंड: या चुका टाळा

पावसाळा लागला की गिरगावातल्या आमच्या औषधाच्या दुकानात एक तक्रार हमखास येते: "तोंडाला चवच नाही हो." मी आधी विचारतो, चव नाही म्हणजे जेवण सपक लागतंय की तोंडात पैसा धरल्यासारखं लागतंय? बहुतेकांना हा फरक महत्त्वाचा वाटत नाही. पण सपकपणा बहुधा नाकातून येतो आणि धातूची चव बहुधा औषधातून. दोन्हींवर एकच उपाय करायला गेलात की गोंधळ सुरू.

गेल्या पावसाळ्यातल्या एका काकूंचं पाहा. हिरडीत पू झाला म्हणून दातांच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल, अमॉक्सिसिलिन आणि क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं होतं. त्यातच सर्दी झाली. स्वयंपाक त्यांच्याकडेच. दोन दिवस आमटी इतकी खारट झाली की मुलीने ताट बाजूला सारलं. काकूंना मात्र ती अळणीच लागत होती.

त्यांना मी बडीशेप चावून पाहायला सांगितली. नाक चिमटीत धरून चावली तर नुसती गोडसर लागते, नाक सोडलं की बडीशेपेचा स्वाद येतो. नाक सोडूनही तो आला नाही, तर वास अडलाय. घास चावताना त्याचा वास घशामागून वर नाकात जातो, आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग हाच असतो. सर्दीत ती वाट सुजून बंद होते. गोड, खारट, आंबट, कडू हे जिभेचं काम चालूच राहतं. म्हणून सर्दीत मीठ वाढवणं ही पहिली चूक. मिठाने हरवलेला वास परत येत नाही, आणि घरात कुणाला रक्तदाब असेल तर त्याचं नुकसानच. त्यापेक्षा लिंबू पिळा, आमसुलाचं सार करा, मिरी किंवा आलं घाला. आंबटपणा जिभेला कळतो आणि तिखटाची झणझण वासावर अवलंबून नसते.

काकूंच्या बाबतीत मात्र मीठ खरंच कमी लागत होतं, कारण क्लोरहेक्सिडिन खारट आणि कडू चवीची जाण काही काळ बोथट करतं. त्या जेवणाच्या जरा आधी गुळण्या करत होत्या, तोंड स्वच्छ असावं म्हणून. सवय उलटी करायला सांगितली: आधी जेवा, दात घासा, मग अर्ध्या तासाने माउथवॉश. आमटीचं मीठ मुलीने चाखून ठरवायचं, हेही.

धातूची चव उरली ती मेट्रोनिडॅझोलची. ती फक्त गोळी जिभेला लागल्याने येते असं समजून लोक लवंग, वेलची चघळत बसतात. औषध रक्तातून लाळेत उतरतं, त्यामुळे वेलचीचा आराम तेवढ्यापुरताच. क्लॅरिथ्रोमायसिनचंही तसंच, मधुमेहाच्या मेटफॉर्मिननेही काहींना असं होतं. मोठी चूक म्हणजे तोंड बिघडलं म्हणून अँटिबायोटिक मनानेच बंद करणं. कोर्स संपला की ही चव साधारण काही दिवसांत जाते. अगदीच असह्य असेल तर डॉक्टरांना फोन करा, ते औषध बदलू शकतात. गोळी जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर घ्या. स्टीलच्या चमच्याने जेवण जास्तच धातूसारखं लागत असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकचा वापरून पाहा. आणि गटारी तोंडावर आली असली तरी मेट्रोनिडॅझोल चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू नको.

काकूंचा कोर्स संपला तशी धातूची चव ओसरली. सपकपणा आणखी थोडा रेंगाळला, कारण नाक अजून चोंदलेलंच होतं. त्यासाठी त्या झायलोमेटाझोलीनचे थेंब मागायला आल्या. हे थेंब पटकन नाक मोकळं करतात, म्हणूनच लोक आठवडेच्या आठवडे घालत राहतात. पाच दिवसांवर गेलात तर औषधाचा असर उतरताच नाक पुन्हा सुजतं, कधीकधी आधीपेक्षा जास्त, आणि वासही अडूनच राहतो. लांबलेल्या सर्दीत मिठाच्या पाण्याने नाक धुणं बरं, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं थेट नको.

वास येत नसताना आणखी एक गोष्ट लोक विसरतात: गॅस गळला तरी कळत नाही. सिलिंडर असो वा पाइपचा गॅस, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो, आणि नेमका तोच तुम्हाला येत नसतो. रात्री शेगडी आणि रेग्युलेटर घरातल्या दुसऱ्याला तपासायला सांगा. उरलेला भात, दूध आंबलंय का हेही त्यांनाच विचारा.

नाक मोकळं असूनही वास एकाएकी गेला, किंवा सर्दी बरी होऊन दोन-तीन आठवडे झाले तरी वास परतला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, रक्तदाबाची आणि साखरेचीही.