रोलर कोस्टरचे ‘जी’ मी/से² मध्ये बदलताना या चुका टाळा

गणित वरवर पाहता एका ओळीचं आहे. 1 जी म्हणजे 9.8 मी/से², म्हणून 3.5 जी म्हणजे 3.5 × 9.8 = 34.3 मी/से². गुणाकार बरोबर, एकक बरोबर, तरीही रोलर कोस्टरच्या प्रश्नात हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. चूक गुणाकाराच्या आधीच झालेली असते.

हे उदाहरण घ्या. रोलर कोस्टरची गाडी वर्तुळाकार वळणाच्या अगदी तळाशी आहे. तिथे वळणाची त्रिज्या 15 मीटर आहे आणि बसलेल्या माणसाला 3.5 जी जाणवतात. गाडीचा वेग किती?

घाईत सोडवणारा 34.3 हे त्वरण धरून a = v²/r मध्ये घालतो. v² = 34.3 × 15 = 514.5, म्हणजे वेग साधारण 22.7 मी/से. आकडा अजिबात विचित्र वाटत नाही, त्यामुळे शंकाही येत नाही.

पण प्रश्नातला ‘जाणवतात’ हा शब्द पुन्हा वाचा. माणसाला जाणवतो तो आसनाचा रेटा. आपण जमिनीवर नुसते उभे असतो तेव्हाही जमीन आपल्याला वजनाइतक्याच बलाने वर रेटत असते. म्हणजे त्वरण शून्य असतानाही आपल्याला 1 जी जाणवतच असतो. तळाशी 3.5 जी जाणवतात याचा अर्थ आसन माणसाला त्याच्या वजनाच्या साडेतीन पट बलाने वर रेटतंय. त्यातला एक पट वजन तोलण्यात खर्च होतो. उरलेला अडीच पटच माणसाला वर्तुळाच्या केंद्राकडे, म्हणजे वरच्या दिशेला, वळवतो. समीकरणात लिहायचं तर:

N − mg = ma
3.5mg − mg = ma
a = 2.5g = 2.5 × 9.8 = 24.5 मी/से²

आता v² = 24.5 × 15 = 367.5, म्हणून v साधारण 19.2 मी/से. ताशी धरला तर हा वेग 69 किलोमीटर आहे. आधीचं उत्तर ताशी सुमारे 82 किलोमीटर येत होतं. हा फरक दशांशातल्या घोळाचा नाही, एक अख्खा जी जास्त धरल्याचा आहे.

चूक ओळखायची एक सोपी तपासणी आहे, फक्त त्यासाठी प्रश्नात उंची दिलेली असावी लागते. समजा, गाडी तळापासून 20 मीटर उंचीवरून जवळपास थांबलेल्या अवस्थेतून सुटली आहे. घर्षण शून्य धरलं तरी तळाशी तिचा वेग √(2 × 9.8 × 20), म्हणजे 19.8 मी/से याच्या पुढे जाऊ शकत नाही. 19.2 या मर्यादेत बसतो आणि थोडी ऊर्जा घर्षणाला सोडतो. 22.7 बसतच नाही. इतका वेग यायला गाडी सव्वासव्वीस मीटरवरून सुटायला हवी होती. उत्तर ऊर्जेच्या हिशेबात बसत नसेल, तर पहिला संशय ‘जी’ वरच घ्यावा.

वळणाच्या माथ्यावर हिशेब उलटतो आणि इथे चुकणारे आणखी जास्त. तळाशी एक वजा करायचा हे पाठ केलेला विद्यार्थी माथ्यावरही एक वजा करतो. पण माथ्यावर गाडी उलटी आहे, रूळ माणसाच्या वर आहेत. आसन त्याला खाली रेटतं आणि वजनही खालीच ओढतं. केंद्रही खालीच आहे. दोन्ही बलं एकाच दिशेला, म्हणून बेरीज. माथ्यावर 1 जी जाणवत असेल तर त्वरण 2g, म्हणजे 19.6 मी/से². वजाबाकी करणाऱ्याला शून्य मिळेल, म्हणजे गाडी वळतच नाही असा अर्थ निघेल. आणि माणसाला काहीच जाणवत नसेल, शरीर अगदी हलकं वाटत असेल, तर त्वरण शून्य नसून पूर्ण 9.8 मी/से² खालच्या दिशेला आहे. उंच मनोऱ्यावरून सरळ खाली सोडणाऱ्या खेळातही हेच घडतं.

म्हणून ‘तळाशी वजा, माथ्यावर अधिक’ असं घोकण्यापेक्षा दोन बाण काढणं बरं. एक वजनाचा, तो कायम खाली. दुसरा आसनाच्या रेट्याचा. मग केंद्र कुठे आहे ते बघायचं आणि त्या दिशेने निव्वळ बल वजनाच्या जितके पट उरतं त्या आकड्यालाच 9.8 ने गुणायचं.

याचा अर्थ प्रत्येक प्रश्नात काहीतरी वजा किंवा अधिक करायचंच असा मात्र नाही. प्रश्नात ‘गाडीचं त्वरण 1.5 जी आहे’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तर सरळ 1.5 × 9.8 = 14.7 मी/से². सपाट रुळावरून गाडी झपकन पुढे फेकली जाते, तिथे असंच असतं, कारण त्वरण आडवं आणि वजन उभं. गोल भिंतीला पाठ टेकवून उभं करून फिरवणाऱ्या खेळातही केंद्राकडचं त्वरण आडवंच असतं. ते 3 जी दिलं असेल तर 29.4 मी/से², विषय संपला. फक्त 3 हा आकडा माणसाला एकूण जाणवणाऱ्या बलाचा असेल, तर त्यात उभा 1 जी काटकोनात मिसळलेला आहे. मग आडवा भाग √(9 − 1), सुमारे 2.83 जी, म्हणजे 27.7 मी/से². इथे थेट 3 मधून 1 वजा करणं ही पुन्हा चूकच.

मोबाईलमधला त्वरणमापक वापरून प्रयोग करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. टेबलावर स्थिर ठेवलेल्या मोबाईलचा तो मापक 9.8 च्या आसपास दाखवतो, शून्य नाही. तोही जाणवणारा जीच मोजतो. काही अ‍ॅप गुरुत्वाचा भाग आधीच वजा करून देतात, म्हणून खेळात बसण्याआधी मोबाईल टेबलावर ठेवून एकदा आकडा पाहून घ्यावा.

एककांचा एक घोळ मात्र लगेच पकडता येतो. कोणी ताशी 69 किलोमीटर तसाच v²/r मध्ये घातला तर 317 येतात, आणि 9.8 ने भागलं की 32 जी! असल्या खेळात हे शक्यच नाही. उत्तर जवळपास 13 पट फुगलेलं दिसलं की 3.6 ने भागायचं राहिलं असं समजावं, कारण 3.6 चा वर्ग 12.96 आहे.

राहिला प्रश्न 9.8 घ्यायचं की 10. प्रमाणित किंमत 9.80665 मी/से² आहे, ती 1901 मध्ये ठरली. वरच्या उदाहरणात 10 घेतलं तर वेग 19.2 ऐवजी 19.4 येतो, म्हणजे फरक एका टक्क्याचा. प्रश्नपत्रिकेत जी किंमत दिली असेल ती वापरावी, पण एकाच उदाहरणात दोन वापरू नयेत. समजा, घर्षण शून्य धरून तळाशी हा वेग यायला गाडी किती उंचीवरून सुटायला हवी ते काढायचं आहे. त्वरण काढताना 10 आणि उंची काढताना 9.8 घेतलं तर उंची 19.1 मीटर येते. खरी उंची 18.75 मीटर आहे, आणि ती 9.8 घेतलं काय किंवा 10 घेतलं काय, तेवढीच येते. कारण h = v²/2g मध्ये v² = 2.5gr घातलं की g कटून जातो आणि उरतं ते फक्त 2.5 × 15 ÷ 2.